नऊ दिवसांची अभ्यास रजा: एका नर्सिंग ट्यूटरच्या अर्जाचं प्रकरण

प्राचार्यांकडे जाणारा प्रत्येक अर्ज आमच्या कॉलेजात आधी माझ्या टेबलावरून जातो. मी इंदूरच्या एका ट्रस्टच्या नर्सिंग कॉलेजात उपप्राचार्य आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक अर्ज मी न वाचता पुढे सरकवते. हा अर्जही तसाच सरकवला होता, आणि चार दिवसांनी तो परत आला तेव्हा लाज माझीही गेली. म्हणून त्याची हकीगत नीट लिहून ठेवते आहे.

अर्ज बालरोग विभागाच्या ट्यूटरचा. बी.एस्सी. नर्सिंगनंतर वर्षभर वॉर्डात काम केलेलं, आमच्याकडे तीन वर्षं झालेली, शिकवायला हुशार. माहेर पुण्याचं, सासर इथलं रामबागेतलं. १२ ऑगस्ट २०२४ ला तिने जो अर्ज दिला तो इंग्रजीत होता, कारण आमचं ऑफिस इंग्रजीवर चालतं आणि बोलणं हिंदीवर. मराठीत त्याचा आशय असा:

"विषय: अभ्यास रजा मिळण्याबाबत. मी आपल्या महाविद्यालयात ट्यूटर म्हणून काम करते. पुणे येथे संशोधन पद्धती या विषयावर कार्यशाळा आयोजित केली आहे. सदर कार्यशाळेत सहभागी झाल्याने माझ्या ज्ञानात भर पडेल व विद्यार्थ्यांना त्याचा लाभ होईल. तरी मला दि. ७ ते १५ सप्टेंबर २०२४ अशी नऊ दिवसांची अभ्यास रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती."

खाली मी 'अग्रेषित' लिहून सही ठोकली. शुक्रवारी, १६ तारखेला, अर्ज दोन शेरे घेऊन परत आला. प्राचार्य मॅडमचा लाल पेनातला शेरा, 'चर्चा करावी'. आणि आस्थापना विभागाच्या बाबूंचा, पेन्सिलीतला: 'पाच वर्षे सेवा पूर्ण नाही. बॉन्ड नाही.'

ट्यूटर माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. "मॅडम, पाच दिवसांच्या वर्कशॉपला पाच वर्षांची नोकरी कशाला लागते? बॉन्ड कसला लिहून देऊ?"

मी बाबूंना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, इन्होंने अध्ययन अवकाश माँगा है. वो तो ट्रस्ट में जाएगा." आणि ते शंभर टक्के बरोबर होते.

गोष्ट शब्दाची होती. 'स्टडी लीव्ह', अभ्यास रजा, हे आपण सहज बोलतो, पण ऑफिसच्या भाषेत त्या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांत अभ्यास रजेचं स्वतंत्र प्रकरण आहे. किमान पाच वर्षं सेवा झालेल्याला ती मिळते, एका वेळी साधारणपणे जास्तीत जास्त बारा महिने आणि सगळ्या नोकरीत मिळून चोवीस महिने. जाण्याआधी बॉन्ड भरायचा, की परत आल्यावर ठरावीक मुदत इथेच काम करीन, नाहीतर पैसे परत करीन. म्हणजे ही रजा एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करायला जाणाऱ्यासाठी आहे. आमच्या ट्रस्टने सेवानियमांची पुस्तिका काढताना हेच प्रकरण जवळजवळ जसंच्या तसं उचललं, आणि मंजुरीचा अधिकार प्राचार्यांकडे न ठेवता विश्वस्त मंडळाकडे दिला. मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते. कार्यशाळेची नोंदणी २८ ऑगस्टला बंद होणार होती.

तिला हवी होती ती कर्तव्य रजा, म्हणजे ज्याला आम्ही 'ड्यूटी लीव्ह' किंवा 'ओडी' म्हणतो. संस्थेच्या कामासाठी, परीक्षेसाठी, परिषदेसाठी बाहेर गेलं तर ते दिवस हजेरीतच धरायचे, रजेच्या खात्यातून वजा करायचे नाहीत. आमच्या पुस्तिकेत ती वर्षाला दहा दिवसांपर्यंत प्राचार्य स्वतःच्या अधिकारात देऊ शकतात. प्रत्येक संस्थेत हा आकडा आणि हे नाव वेगळं असतं. कुठे 'शैक्षणिक रजा' म्हणतात, कुठे विशेष किरकोळ रजा. पण अर्ज लिहिण्याआधी आपल्याकडे काय म्हणतात आणि मंजूर कोण करतं एवढं बाबूंना विचारायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं तिने घालवली नाहीत. मीही नाही.

शब्दाचं निस्तरणं सोपं होतं. लाल शेरा जास्त अवघड होता.

आमच्या प्राचार्य मॅडम मूळच्या केरळच्या. इंदुरात तीस वर्षं झाली त्यांना, आणि गणपती कधी बसतात, गौरी कधी येतात, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक आहे. २०२४ ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरची, शनिवारची. गौरी आवाहन १० ला, पूजन ११ ला. आणि अर्जात रजा ७ ते १५, ठिकाण पुणे. मी गेले तेव्हा त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "ये वर्कशॉप है या मायका?"

मी काय बोलणार? माहितीपत्रक अर्जाला जोडलेलंच नव्हतं. ते पाहिलं असतं तर कळलं असतं की कार्यशाळा सोमवार ९ ते शुक्रवार १३, रोज सकाळी साडेनऊ ते पाच. आधीचा शनिवार-रविवार आणि नंतरचा शनिवार-रविवार तिने प्रवासासाठी म्हणून धरले होते, आणि पहिल्या दिवशी घरचा गणपती बसवून निघायचं मनात होतं हेही तिने नंतर कबूल केलं. त्यात वाईट काहीच नाही. पण ७ तारीख आमच्याकडे तशीही सुट्टीची, १५ ला रविवार. सुट्टीचे दिवस रजेत मोजून मागितले की मागणारी व्यक्ती उगाचच जास्त मागते आहे असं दिसतं. तेच दिवस 'आधी-नंतरची सुट्टी जोडून' मागितले की मागणी पाच दिवसांची आणि एका शनिवारची उरते.

त्या दिवशी प्राचार्य मॅडमनी मला जे तीन प्रश्न विचारले ते मी वहीत लिहून घेतले. तिच्या विद्यार्थिनींना वॉर्डात कोण बघणार? तिलाच का पाठवायचं? आल्यावर मला काय दिसेल? तिच्या अर्जात यांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. 'ज्ञानात भर पडेल' हे तिसऱ्याचं उत्तर आहे असं तिला वाटलं होतं, पण ते वाक्य गेली वीस वर्षं प्रत्येक अर्जात आहे आणि प्राचार्यांचे डोळे त्यावरून घसरून जातात.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर तिच्याकडेच होतं आणि ते लिहावं हे तिला सुचलं नव्हतं.

आदल्या वर्षी अंतिम वर्षाच्या मुलींच्या एका गटाला संशोधन प्रकल्पाचं मार्गदर्शन तिने केलं होतं. विषय साधा: बालरुग्ण विभागात दाखल मुलांच्या आयांना ओआरएस कसं बनवायचं ते माहीत आहे का. पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, यापेक्षा कमी पाणी नाही, वरून साखर नाही, चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. मुलींनी साठ आयांना विचारलं, तिसांना बरोबर सांगता आलं. अहवालात लिहिलं, पन्नास टक्के. परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "साठच का?" मुलींनी ट्यूटरकडे पाहिलं. ट्यूटरने माझ्याकडे. मी पंख्याकडे. खरं उत्तर होतं, मागच्या वर्षीच्या गटाने साठ घेतले होते म्हणून, आणि त्यांनी त्याच्या मागच्या वर्षीच्यांचं पाहून.

नमुना किती घ्यायचा याचं एक छोटं सूत्र आहे:

n = 4pq/d²

p म्हणजे जे मोजायचं ते अंदाजे किती टक्के असेल, q म्हणजे शंभरातून उरलेले टक्के, d म्हणजे किती टक्क्यांची चूक चालवून घ्यायची. काहीच अंदाज नसेल तर p पन्नास धरतात, कारण तिथे नमुना सगळ्यांत मोठा लागतो. दहा टक्के चूक चालेल म्हटलं, तर ४ × ५० × ५० भागिले १००, म्हणजे शंभर आया. साठच घेतल्या तर हेच सूत्र उलटं चालवून पाहा: चूक जवळजवळ तेरा टक्क्यांवर जाते. म्हणजे 'पन्नास टक्के आयांना माहीत आहे' याचा प्रामाणिक अर्थ, सदतीस ते त्रेसष्ट यांच्या मधे कुठेतरी. आणि हेसुद्धा त्या आया चिठ्ठ्या टाकून निवडल्या असतील तर. आमच्या मुलींनी वॉर्डात समोर दिसल्या त्यांना विचारलं होतं.

हे मला आज लिहिता येतंय, कारण ती शिकून आली. तेव्हा आमच्यात कोणालाच येत नव्हतं, आणि येणाऱ्या सत्रात संशोधन आणि सांख्यिकी हा विषय तिच्याकडेच येणार होता. हे कारण अर्जात तीन ओळींत मावतं. तिला मात्र ते लिहायची भीती वाटत होती. "मॅडम, मला येत नाही असं मीच लिहून देऊ?" मी म्हटलं, "अगं, परीक्षेच्या दिवशी प्राचार्य मॅडम त्याच खोलीत बसल्या होत्या. त्यांना ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे हे त्यांना कळू दे."

आता वॉर्डाचा प्रश्न. माझ्या मते या प्रकारच्या अर्जाचं मर्म इथे आहे, आणि इतर कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या रजेचा नमुना नर्सिंगला लागू पडत नाही तोही इथेच. वर्गातला तास बुडला तर पुढच्या आठवड्यात घेता येतो. वॉर्डात मात्र मुली सकाळी आठला पोचलेल्या असतात आणि समोर आजारी मूल असतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मानकानुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. त्या महिन्यात बालरुग्ण विभागात तिसऱ्या वर्षाच्या अठरा मुली होत्या आणि त्यांच्यावर दोन ट्यूटर. ती गेली की अठरा मुली एकीच्या गळ्यात.

तिने पहिल्यांदा लिहिलं, 'माझ्या अनुपस्थितीत सहकारी काम पाहतील.' मी ते खोडलं. सहकारी कोण, त्यांना सांगितलं का, त्या वेळी त्या मोकळ्या आहेत का? मग आम्ही दोघी कॅन्टीनमध्ये पोहे घेऊन बसलो आणि मास्टर रोटेशनचा तक्ता समोर ठेवला. पहिल्या वर्षाची बॅच अजून वॉर्डात जायला लागली नव्हती, त्यामुळे त्यांची ट्यूटर सकाळी आठ ते अकरा मोकळी होती. अकरा ते एक तिचा वर्ग. एक ते दोन पुन्हा मोकळी. म्हणजे रोज दोन तासांचं भोक उरत होतं. ते भोक अर्जात लपवावं असं तिला वाटत होतं. मी म्हटलं तेच ठळक लिही. त्या दोन तासांत नऊ मुली वॉर्डाशेजारच्या खोलीत बसून केस प्रेझेंटेशन आणि औषधांची वही पूर्ण करतील. त्या वेळात इंजेक्शन, सलाईन, नळीतून दूध, यांतलं काहीही त्यांच्या हातून होणार नाही, आणि वॉर्ड सिस्टरला तसं लेखी कळवलेलं असेल. बदल्यात परत आल्यावर त्या ट्यूटरच्या दोन संध्याकाळच्या ड्यूट्या ही करेल. त्या ट्यूटरची सही अर्जावरच घेतली.

२० ऑगस्टला, राखीच्या दुसऱ्या दिवशी, दुसरा अर्ज गेला. तो पूर्ण देते, फक्त नावं काढून:

"प्रति, प्राचार्य. मार्फत: विभागप्रमुख व उपप्राचार्य.

विषय: संशोधन पद्धती कार्यशाळेसाठी ९ ते १३ सप्टेंबर २०२४, पाच दिवस कर्तव्य रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदया,

पुणे येथे वरील पाच दिवस संशोधन पद्धतीवर कार्यशाळा आहे. माहितीपत्रक व रोजचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीचे नमुना निवड, नमुन्याचा आकार आणि प्रश्नावलीची विश्वसनीयता हे भाग मला विशेष हवे आहेत.

गेल्या वर्षी माझ्या मार्गदर्शनाखालील प्रकल्पात नमुन्याचा आकार कसा ठरवला याचं उत्तर परीक्षेत देता आलं नाही. येत्या सत्रात हा विषय व चार गटांचे प्रकल्प माझ्याकडे आहेत. प्रस्ताव ऑक्टोबरमध्ये मंजुरीस येतील, त्याआधी ही त्रुटी दूर व्हावी म्हणून ही विनंती आहे.

बालरुग्ण विभागातील माझ्या नऊ विद्यार्थिनींच्या देखरेखीची व्यवस्था मागील पानावर तासवार दिली असून संबंधित ट्यूटरची संमतीची सही घेतली आहे. सकाळी ११ ते १ या वेळेत थेट देखरेख नसेल. त्या वेळेत विद्यार्थिनी कोणतीही प्रक्रिया करणार नाहीत. २३ सप्टेंबरपासूनच्या अंतर्गत परीक्षेची माझी प्रश्नपत्रिका ५ सप्टेंबरला जमा करेन.

मी रविवार ८ सप्टेंबरच्या रात्री निघून शनिवार १४ च्या सकाळी परत येईन. शनिवारची एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी. पुण्यात माझे माहेर असल्याने राहण्याचा खर्च मागत नाही. नोंदणी शुल्काबाबत स्वतंत्र अर्ज करीत आहे.

परतल्यावर उपस्थितीचं प्रमाणपत्र सोमवारी सादर करेन, आणि चारही गटांच्या प्रस्तावांत नमुन्याच्या आकाराचं गणित लिहिलेलं असेल.

आपली विश्वासू."

यातल्या दोन-तीन गोष्टींवर आमचा वाद झाला. माहेरचा उल्लेख तिला नको होता. मला तो हवाच होता. प्राचार्य मॅडमच्या मनात ते आहेच, मग ते आपणच उघड्यावर ठेवलं, आणि तेही खर्च वाचवणारं म्हणून, की संशयाला जागा राहत नाही. शुल्काचा अर्ज वेगळा करायचा हा बाबूंचा सल्ला. रजा प्राचार्य देतात, पैसे लेखापाल आणि ट्रस्ट. दोन्ही एका कागदावर मागितलं की रजेचा कागद पैशांच्या फायलीत जाऊन बसतो. आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी हा प्रकार नव्या मुलींना माहीतच नसतो. सुट्टी असली तरी शहराबाहेर जायला परवानगी घ्यायची, हा नियम सरकारी नोकरीतून आमच्याकडे आला आहे आणि पाळलाही जातो. रजा मंजूर, पण ही परवानगी नाही, म्हणून परत आल्यावर खुलासा लिहावा लागलेली एक ट्यूटर मला माहीत आहे.

'सर्व शिक्षकांसाठी प्रशिक्षण घेईन' हे वाक्य तिने शेवटी घातलं होतं. मी काढायला लावलं. कोण येतं असल्या प्रशिक्षणाला? प्रस्तावातलं गणित मात्र ऑक्टोबरमध्ये प्राचार्यांच्या टेबलावर येणारच होतं. ते दिसलं की दिसलं.

२३ तारखेला मंजुरी आली. लाल पेनाने एकच बदल: 'शनिवारी दुपारी हजर व्हावे, अर्धी किरकोळ रजा.' आमच्याकडे दुसऱ्या शनिवारची सुट्टी नसते. तिने निमूटपणे मान्य केलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. बुधवारी, ऐन गौरीपूजनाच्या दिवशी, बदली ट्यूटरला ताप भरला. तक्त्यात दुसरं नाव नव्हतं. ती माझी चूक. सकाळी पावणेआठला फोन आला आणि मी घरी गौरींचा नैवेद्य सासूबाईंवर टाकून वॉर्डात जाऊन उभी राहिले. किती वर्षांनी मी तिथे सकाळची राउंड केली कोण जाणे. एका मुलीला विचारलं, बाळाला ओआरएस किती द्यायचं सांगितलंस आईला? तिने वजन पाहून नीट सांगितलं. तेव्हापासून तासवार तक्त्यात प्रत्येक दिवसापुढे दोन नावं लिहिल्याशिवाय मी अग्रेषित करत नाही.

ती शनिवारी दुपारी दीडला हजर झाली, हातात बाकरवडीचा पुडा आणि हजेरीचा अर्ज. प्रमाणपत्र सोमवारी दिलं. शुल्काचे पैसे जानेवारीत मिळाले, पण तो वेगळाच विषय.

ऑक्टोबरमध्ये चार प्रस्ताव आले. त्यातला एक पुन्हा आयांच्या माहितीवरचा, या वेळी लसीकरणाच्या वेळापत्रकाबद्दल. सूत्राप्रमाणे शंभर आया हव्या होत्या, पण मुलींना मिळणारे दिवस आणि वॉर्डातली भरती पाहता सत्तरच्या वर जाणं शक्य नव्हतं. आधीचं वर्ष असतं तर शंभर लिहून सत्तर घेतले असते, किंवा नुसतं साठ लिहून मोकळ्या झाल्या असत्या. या प्रस्तावात मुलीने निळ्या शाईत लिहिलं होतं: 'उपलब्ध कालावधीत ७० माता मिळणे शक्य आहे. त्यामुळे अंदाजातील चूक १० ऐवजी सुमारे १२ टक्के राहील.' प्राचार्य मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली, लाल पेन उचललं, आणि समासात लिहिलं, 'पाहिले'.